रेग्युलेटर बदलला आणि पंखा गुणगुणायला लागला. जुना डबाच परत लावू का?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. एप्रिल लागलाय, सोलापुरात काय चाललंय ते सांगायला नको, रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी गरम लागते. विषय पंख्याचा आहे, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचं घर जुनं, मंगळवार पेठेत. हॉलमधला पंखा माझ्या लहानपणापासूनचा, जड लोखंडी, त्याला काळा चौकोनी डबा रेग्युलेटर होता पाच नंबरवाला. चालू असला की डबा एवढा तापायचा की मागची लाकडी पट्टी काळी पडली होती, आणि गेल्या महिन्यापासून 2 नंबरवर पंखा मधेच थांबायचा, डब्यावर चापट मारली की परत चालू. म्हणून बोर्ड नवीन करून घेतला तेव्हा वायरमनने नवीन रेग्युलेटर बसवला, तो गोल फिरवायचा, नंबर बिंबर काही नाही, गुळगुळीत फिरतो.

आता प्रॉब्लेम असा की फुल्लवर पंखा एकदम शांत, पण जरा कमी केला की बाटलीत माशी अडकल्यासारखं गुंईईई चालू होतं. अर्ध्यावर सगळ्यात जास्त. अप्पांना झोपच येईना, ते म्हणतात मिलमध्ये मागांच्या आवाजात झोपायचो पण हे सहन होत नाही. दुसरं म्हणजे बंद पंखा हळू स्पीडवर चालू होतच नाही, अर्ध्याच्या पुढे न्यावा लागतो, फिरायला लागला की मग मागे आणायचा.

आणि बेडरूममध्ये वेगळंच. तिथला पंखा सहा-सात वर्षांचा, रेग्युलेटर नंबरवाला पण मॉड्युलर, कटकट वाजत फिरतो, 4 नंबर आहेत. त्यात 1 वर पंखा फिरतच नाही, 2 आणि 3 ला स्पीड सारखाच, 4 ला बरोबर. दुकानात विचारलं तर म्हणाले फॅनची कॉईल गेली, नवीन घ्या. दोन्ही फॅन एकदम कसे जातील? जुना डबा अजून माळ्यावर आहे, तोच परत लावू का हॉलला?

बे_काय
अप्पांना मिलचा भोंगा रेकॉर्ड करून लावा, गुंईई ऐकू येणार नाही 😄

रोहन_जुळेसोलापूर
ताई मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल केलंय. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सगळे गुणगुणतातच, कारण आत ट्रायक असतो, तो करंट कापून कापून देतो त्यामुळे मोटर आवाज करते. जुन्या रेझिस्टन्सवाल्यात वेव्ह कापली जात नाही म्हणून तो शांत. पण जुना लावू नका, जुन्यात पंखा कितीही हळू करा वीज तेवढीच जाते, उरलेली डब्यात जळते. म्हणजे एकतर आवाज सहन करा नाहीतर बिल.

पंढरपूरचा_बाळू
कंडेन्सर बदला ओ. आमच्याकडं पण स्पीड कमी झालता, वायरमननं अडीचच्या जागी 4 एमएफडीचा टाकला, फॅन विमानासारखा पळायलाय. 60 रुपयांचं काम, कशाला रेग्युलेटर बघत बसताय.

होटगीरोडकर
आमचा पण फॅन असाच गुणगुणतो पण फक्त लाईट गेल्यावर. लाईट आली की बंद. रेग्युलेटर दोनदा बदलला तरी तेच. तुमच्याकडं पण लाईट गेल्यावर होतंय का?

शेंगाचटणी
नाही हो, आमच्याकडे इन्व्हर्टरच नाही. लाईट असतानाच होतं.
@बाळू कंडेन्सर दोन्ही फॅनचे दोन वर्षांपूर्वी बदललेत. आणि फुल्लला दोन्ही पंखे व्यवस्थित पळतात की.

कंडेन्सर_काका
शेवटचं वाक्य महत्त्वाचं. फुल्लला दोन्ही पंखे व्यवस्थित पळतात आणि आवाज नाही, म्हणजे कॉईल, बेअरिंग, पंख्याचा कंडेन्सर यांच्यावर शंका घ्यायचं कारण आत्ता तरी नाही. बेडरूमच्या रेग्युलेटरला 4 वर आत काहीच मधे नसतं, फेज सरळ पंख्याला जाते. म्हणजे 4 नंबर हीच तुमची टेस्ट. तिथे पंखा नीट तर पंखा नीट. कॉईल जळलेली असती तर फुल्लला पण ती तापली असती, वास आला असता, स्पीड पडला असता. दुकानदाराला फॅन विकायचा असेल, जाऊ दे.

मी वीस-बावीस वर्षं मागाच्या मोटरी आणि पंखे भरायचं काम केलं, आता दुकान बंद आहे, पण हात अजून खाजतात. तुमच्या घरात दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्ही रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक म्हणून विकले गेले तरी आतून एकमेकांचे कोणी लागत नाहीत. रोहनने सांगितलं ते हॉलला लागू पडतं. बेडरूमला अजिबात नाही. तिथे ट्रायकच नाहीये.

हॉलबद्दल मला दोन गोष्टी सांगा. एक, आवाज नक्की कुठून येतो, पंख्यातून का बोर्डातून? स्टुलावर चढून बोर्डाला कान लावायची गरज नाही, बोर्डाजवळ उभं राहा आणि मग पंख्याखाली उभं राहा. दुसरं, घरात जुना रेडिओ आहे का?

शेंगाचटणी
आवाज पंख्यातूनच, वरच्या वाटीतून. बोर्डाजवळ अगदी बारीक येतो, रात्री शांत असेल तरच.
आणि रेडिओचं तुम्हाला कसं कळलं?? अप्पांचा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर लावला की खरखर येते हल्ली, आम्हाला वाटलं सेल गेले. आत्ता बघितलं, पंखा फुल्ल केला की खरखर बंद, कमी केला की चालू!!

कंडेन्सर_काका
मग झालं. तुमच्या हॉलमध्ये डिमर जातीचा आहे, ट्रायकवाला. आता काय होतं ते सांगतो, फार खोलात जात नाही.

आपल्या लाईनची वीज सेकंदाला 50 वेळा वर-खाली होते, म्हणजे शंभर टेकड्या धरा, पन्नास वर, पन्नास खाली. डिमर प्रत्येक टेकडीचा पहिला भाग अडवून धरतो आणि मधेच फाटक उघडतो. स्पीड जितका कमी तितकं फाटक उशिरा उघडतं. फुल्लला फाटक जवळपास सुरुवातीलाच उघडतं म्हणून आवाज नाही. अर्ध्यावर फाटक उघडतं ते बरोब्बर टेकडीच्या माथ्यावर, तिथे व्होल्टेज सगळ्यात जास्त, म्हणजे शून्यावरून एकदम तीनशे व्होल्टच्या आसपास धक्का. असे सेकंदाला शंभर धक्के मोटरच्या आतल्या पत्र्यांना आणि तारांना बसतात, ते थरथरतात, तीच तुमची माशी. आणि प्रत्येक धक्का रेडिओला पण ऐकू जातो, म्हणून खरखर. अर्ध्यावर आवाज सगळ्यात जास्त असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, तेव्हाच मला वाटलं होतं.

हळू स्पीडवर चालू न होणं हे पण त्याचंच. उभ्या पंख्याला हलवायला जोर लागतो, फिरत्याला कमी पुरतो. शिवाय डिमर स्वतः पण बंद स्थितीतून उठताना जरा पुढे गेल्यावरच उठतो, एकदा उठला की मग मागे आणता येतो. त्यात तुमचा पंखा जुना जड.

जुन्या डब्यात यातलं काही नाही. तिथे फक्त तार आहे चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेली, टेकडीचा आकार तोच राहतो, फक्त बुटकी होते. म्हणून अप्पांना इतकी वर्षं झोप लागली.

रोहन_जुळेसोलापूर
काका मान्य, पण बेडरूमच्यात ट्रायक नाही तर मग इलेक्ट्रॉनिक कसला? आणि बिलाचं मी बोललो ते तरी बरोबर ना, जुन्यात बचत शून्य?

कंडेन्सर_काका
इलेक्ट्रॉनिक हे बाजारातलं नाव रे, डब्यावर छापतात. बेडरूमच्यात आत दोन कंडेन्सर, दोन-चार बारकी रेझिस्टन्स आणि एक फिरता स्विच, बस.

बिलाचं अर्धं बरोबर. तेवढीच वीज जाते असं नाही. रेझिस्टन्स मधे आला की लाईनमधून येणारा करंटच कमी होतो, म्हणजे मीटर पण थोडं हळू पळतं. पण जेवढा पंखा हळू होतो त्या मानाने वाचत नाही. एकदा माझ्याकडे आलेला डबा मी मोजला होता, 1 नंबरवर साधारण 600 ओहम आणि करंट 0.2 अँपिअर. करंटला करंटनेच गुणायचं आणि मग ओहमने गुणायचं, 24 वॅट. म्हणजे त्या डब्यात 25 चा बल्ब रात्रभर पेटलाय असं समज, फक्त उजेड नाही. ताईंची लाकडी पट्टी काळी का पडली ते कळलं ना. मोठा पंखा फुल्लला साधारण 75 वॅट खातो, त्याच्यापुढे हे 24 वॅट कमी नाहीत. 5 नंबरवर मात्र डब्यात काही जळत नाही, सरळ असतं.

कंडेन्सर मधे घातला तर तो टेकडी न कापता व्होल्टेज अडवतो आणि स्वतः जवळपास तापत नाही. म्हणून आवाज पण नाही आणि उष्णता पण नाही. रोहन, तू म्हणालास आवाज नाहीतर बिल, तर तिसरा रस्ता हा.

@बाळू तुमचा पंखा विमानासारखा पळतोय तो जपा. अडीचच्या ठिकाणी 4 घातला की पंख्याच्या दुसऱ्या वाइंडिंगमधून गरजेपेक्षा जास्त करंट जातो. स्पीड थोडा वाढतो खरा, पण मोटरची वाटी तापते, आणि उन्हाळ्यात चोवीस तास चालला की माझ्यासारख्याला धंदा. अर्धा तास चालवून बंद करा, मेन बंद करून वाटीला हात लावा. हात ठेवता आला नाही तर परत अडीच घाला.

पंढरपूरचा_बाळू
दोन वर्षं झाली काका काय झालं नाय.

कंडेन्सर_काका
बरं.

सुनंदा_ताई
माझं पण विचारते मधेच. मुलाने बीएलडीसी फॅन आणला रिमोटवाला, 28 वॅटचा. लावल्यावर दोन दिवस नीट, मग आपोआप बंद चालू, रिमोट ऐकत नाही. कंपनीचा माणूस येणार आहे. तो पण रेग्युलेटरमुळे असेल का? रेग्युलेटर बोर्डावर तसाच आहे, कोणी तरी 3 वर करून ठेवला होता.

कंडेन्सर_काका
असेलच. त्या फॅनच्या आत स्वतःची सर्किट पाटी असते, तिला पूर्ण सरळ लाईन लागते. मधे रेग्युलेटर, मग तो कुठलाही असो, नको. फुल्लवर ठेवून चालेल असं पण करू नका, कोणी तरी फिरवतंच. वायरमनला सांगा रेग्युलेटर काढून दोन वायरी एकत्र जोडून दे. माणूस येण्याआधी एवढं करून बघा, बहुतेक तो तेवढंच करून जाईल.

शेंगाचटणी
काका आता बेडरूम सांगा ना. 1 बंद, 2 आणि 3 सारखे, 4 बरोबर. तुम्ही म्हणालात दोन कंडेन्सर.

कंडेन्सर_काका
हा आजार मला फार आवडतो, कारण न उघडता कळतो. चार नंबरच्या रेग्युलेटरची नेहमीची मांडणी अशी. 1 वर लहान कंडेन्सर एकटा. 2 वर मोठा एकटा. 3 वर दोघं बरोबर. 4 वर कोणीच नाही, सरळ. कंडेन्सर जितका मोठा तितका जास्त करंट सोडतो, म्हणून स्पीड चढत जातो.

आता लहान कंडेन्सर मेला असं धरा. 1 वर काय उरलं? काहीच नाही, पंखा बंद. 2 वर मोठा आहेच, नेहमीसारखं. 3 वर दोघं हवे होते, उरला एकटा मोठा, म्हणजे 2 सारखंच. 4 ला फरकच नाही. तुम्ही लिहिलेलं तंतोतंत हेच.

उलटं झालं असतं, मोठा मेला असता, तर 1 ठीक, 2 बंद आणि 3 ला 1 एवढाच स्पीड. धाग्यावर कोणाला असं असेल तर ताडून बघा. सगळेच नंबर हळूहळू मंदावत गेले आणि 4 ला पण पंखा पूर्वीसारखा पळत नाही, तर मात्र रेग्युलेटर सोडा आणि पंख्यावरचा अडीचचा कंडेन्सर बघा. आणि गोल फिरणाऱ्या डिमरमध्ये कुठेही फिरवा फुल्लच पळतोय, असं असेल तर ट्रायक आतून चिकटला, टाकून द्या.

बे_काय
काका तुम्ही डॉक्टर पाहिजे होता, बाहेरूनच पोट दाबून सांगायलाय

रोहन_जुळेसोलापूर
काका कंडेन्सरच गेला असं कशावरून? त्याच्या सिरीजमध्ये छोटा रेझिस्टर असतो ना सर्जसाठी, तो जळाला तरी सेम लक्षण येईल.

कंडेन्सर_काका
शाब्बास, हे बरोबर. एक-दोन ओहमचा बारका असतो, नंबर बदलताना एकदम झटका बसतो तो सोसायला. तो उडाला तरी हेच लक्षण. बाहेरून फरक कळत नाही, उघडावं लागेल. पण मॉड्युलर उघडून दुरुस्त करण्यात अर्थ किती, नवीन दोन-अडीचशेत येतो. हौस असेल तर बघा.

शेंगाचटणी
हौस माझ्या भावाला आहे, तो आयटीआयला जातो. रविवारी उघडतो म्हणतोय. काय सांभाळू?

कंडेन्सर_काका
बोर्डाचं बटन बंद करून भागायचं नाही, जुन्या घरात बटन न्यूट्रलवर टाकलेलं असतं कधी कधी, म्हणजे पंखा बंद आणि रेग्युलेटरमध्ये फेज जिवंत. मेन स्विच किंवा एमसीबी पाडा, आणि टेस्टरने दोन्ही वायरी बघा. टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून तो पेटतो ना ते बघून घ्या, मेलेल्या टेस्टरने लोक मेलेत. वायरी सोडवल्यावर कंडेन्सरच्या पायांना लगेच बोट लावू नका, त्याला आडवा जोडलेला दुसरा एक रेझिस्टर असतो तो त्याला रिकामा करतो, पण तोच उडालेला असला तर भरलेला राहतो, चावतो.

मीटरला कंडेन्सर मोजायची सोय असेल तर एक पाय सोल्डरमधून सोडवून मोजा, पाटीवर असतानाचा आकडा खरा धरू नका.

होटगीरोडकर
काका माझं राहिलं. लाईट गेल्यावर गुणगुण.

कंडेन्सर_काका
तुमचा इन्व्हर्टर जुना आणि स्वस्तातला असणार. स्क्वेअर वेव्हवाला. टेकड्यांच्या जागी तो सरळ भिंती देतो, चढ एकदम आणि उतार एकदम, म्हणजे डिमरने जे केलं तेच तुमचा इन्व्हर्टर करतो. रेग्युलेटर दहा बदलले तरी फरक नाही. फुल्लवर पण गुणगुणतो ना? मग खात्रीच. कंडेन्सरवाला रेग्युलेटर अशा लाईनवर मधल्या नंबरला अजून ओरडतो, म्हणून लाईट नसताना फुल्लवरच ठेवा. साइन वेव्हवाला इन्व्हर्टर घेतला तर जाईल, पण पंख्याच्या आवाजासाठी तेवढा खर्च करायचा का ते तुमचं तुम्ही बघा.

होटगीरोडकर
हो फुल्लवर पण होतं. च्यायला दोन रेग्युलेटर फुकट घेतले. बॅटरी बदलायची वेळ आलीच आहे, तेव्हा बघतो.

विडीघरकुल_सागर
माझ्याकडे टक टक टक आवाज येतो फॅनचा, हलतो पण. रेग्युलेटर कुठला लावू?

बे_काय
सागर भाऊ तुझ्या फॅनचा स्क्रू ढिला आहे, रेग्युलेटर नको पाना लाव. वरचा रबर आणि पात्यांचे स्क्रू बघ आधी, डोक्यावर पडायच्या आत. एवढं तर मला पण कळतं.

शेंगाचटणी
रविवारचा वृत्तांत! उशीर झाला, पाहुणे होते.

बेडरूमचा उघडला. भावाने एमसीबी पाडला, टेस्टर आधी किचनच्या बोर्डावर लावून बघितला, आणि काका, तुम्ही म्हणालात तेच, पंख्याचं बटन न्यूट्रलवर निघालं. एमसीबी पाडायच्या आधी नुसतं बटन बंद करून बघितलं तेव्हा रेग्युलेटरच्या वायरीला टेस्टर पेटत होता. अंगावर काटा आला, कारण मागे एकदा मीच बटन बंद करून ते कव्हर पुसलं होतं. वायरमनला बोलवून ते आधी उलटं करून घेतलं.

आत दोन चौकोनी डबीसारखे कंडेन्सर, एकावर 3.3 लिहिलेलं आणि दुसऱ्यावर 2.2. दोन्ही बाहेरून सारखेच, फुगलेले वगैरे नाहीत. छोटे रेझिस्टर चांगले, भावाने मोजले, 2 ओहमच्या आसपास दोन्ही. मग कंडेन्सर सोडवून मोजला, 3.3 वाला 3.1 दाखवत होता आणि 2.2 वाला 0.4!! म्हणजे अगदी मेला नव्हता, नुसता श्वास चालू. रोहन तुझा रेझिस्टर वाचला, काकांचा कंडेन्सर निघाला.

प्रश्न, बाहेरून एकदम नवीन दिसतोय मग आतून रिकामा कसा?

कंडेन्सर_काका
आत प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा असतो, गुंडाळी केलेली. व्होल्टेजचा झटका आला की एखाद्या ठिकाणी भोक पडतं, पण तिथला मुलामा उडून जातो आणि शॉर्ट होत नाही. चांगली सोय आहे, सहसा आग लागत नाही. पण दर झटक्याला थोडा मुलामा कमी, म्हणजे थोडी ताकद कमी. वर्षानुवर्षं असं होत होत 2.2 चा 0.4 होतो. पंख्यावरचा कंडेन्सर पण असाच झिजतो, म्हणून तो दोन-चार वर्षांनी बदलला की पंखा परत पळायला लागतो. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या भागात लवकर जातात.

आता 0.4 असताना 3 वर 2 पेक्षा थोडासा फरक असणार, पण कानाला-डोळ्याला कळण्यासारखा नाही.

शेंगाचटणी
आता हॉल. दुकानात गेले (वेगळ्या), म्हटलं स्टेपवाला द्या, कंडेन्सरवाला, डिमर नको. मुलगा म्हणाला सगळे सारखेच असतात मॅडम. मग मीच हातात घेऊन फिरवून बघितले, कटकट वाजणारा घेतला, आणि हलवून वजन बघितलं, डिमरवाला हलका लागतो. बेडरूमला पण तोच दुसरा घेतला.

बेडरूम एकदम झकास, चारही नंबर वेगवेगळे. हॉलला गुंईई पूर्ण बंद. रेडिओची खरखर पण गेली, अप्पांनी रात्री साडेआठपासून लावून ठेवला होता मुद्दाम.

पण! हॉलच्या जड पंख्याला 1 नंबर चालतच नाही, हाताने ढकलला तर रडत फिरतो. 2 ला हळू, आणि 2 वरून 3 ला एकदम मोठी उडी. अप्पांना त्यांच्या जुन्या 3 एवढा स्पीड पाहिजे, तो कुठेच मिळेना. जुन्यात पाच पायऱ्या होत्या, ह्यात मधली गायब.

रोहन_जुळेसोलापूर
पाच स्टेपवाला घ्या ना मग.

कंडेन्सर_काका
पाच स्टेपवाल्यात पायरी वाढेल पण सगळं सुटेल असं नाही सांगू शकत. हे रेग्युलेटर बनवताना त्यातले कंडेन्सर आजच्या नेहमीच्या पंख्याच्या हिशोबाने ठरवलेले असतात, साधारण 70-75 वॅट. तुमचा जुना पंखा जास्त करंट खात असेल तर त्याला तेवढाच कंडेन्सर कमी पडतो, म्हणून 1 मेलेला आणि 2 रडका. उलट लहान पंख्याला हाच रेग्युलेटर लावला तर 2 आणि 3 मधे फरकच राहात नाही. जुन्या डब्याची तार त्या काळच्या पंख्याच्या मापाने भरलेली होती, ती जोडी जुळलेली होती.

पंखा फुल्लवर किती अँपिअर खातो ते मोजा आधी. चिमटा मीटर असेल तर फक्त एक वायर त्यात घ्या, दोन्ही घेतल्या तर शून्य दाखवेल. पाव-अर्धा अँपिअर आकडा लहान असतो, म्हणून वायर चिमट्यात चार वेळा गुंडाळून घ्या आणि आलेल्या आकड्याला चारने भागा.

पंढरपूरचा_बाळू
जुना डबाच लावा ओ, एवढं काय. अप्पा खूश तर सगळे खूश.

कंडेन्सर_काका
लाकडी पट्टीवर नको. लावायचाच असेल तर लोखंडी किंवा सिमेंटच्या पाठीवर, चारी बाजूंनी हवा पाहिजे, आणि 2 नंबरचा कॉन्टॅक्ट आधी बघा. चापट मारल्यावर चालतो म्हणजे तिथली पितळी पट्टी जळून काळी झालीय, ठिणग्या उडतात. काचपेपरने घासून बघा, पण पट्टीचा स्प्रिंगपणा गेला असेल तर घासून उपयोग नाही. आणि बंद मॉड्युलर बोर्डाच्या आत तर तो कधीच कोंबू नका, प्लास्टिक वितळेल.

नवीपेठ_निनाद
माझ्या आजोबांच्या घरी जुना रेग्युलेटर आहे पण तो तापत नाही, उलट तोच गुणगुणतो, पंखा शांत. वजन पण दगडासारखं. हा कुठला प्रकार?

कंडेन्सर_काका
चोकवाला. आत पत्र्यांवर तांब्याची गुंडाळी असणार. पत्रे ढिले झाले की तो बोर्डावर बसून गातो. उघडून पत्र्यांचे बोल्ट आवळले आणि वार्निश पाजलं की बरेचदा गप्प बसतो. फोटो टाका.

शेंगाचटणी
भावाने कॉलेजमधून चिमटा मीटर आणला. एक वायर चार वेढे, फुल्लवर 2.1 दाखवतंय. चारने भागलं तर 0.52. हे जास्त आहे का काका?

कंडेन्सर_काका
जास्त आहे. नेहमीचा पंखा 0.3-0.35 खातो. म्हणजे बाजारातला नेहमीचा स्टेपवाला तुमच्या मापाचा नाही. एक उपाय डोक्यात आहे, 2 नंबरच्या कंडेन्सरला बाहेरून अजून एक समांतर जोडायचा, पण किती एमएफडीचा ते तुमच्या पंख्यावर करून बघावं लागेल, आणि ते बोर्डात मावेल का हा पण प्रश्न. पंखा कुठल्या मापाचा आहे, 48 इंच का 56?

शेंगाचटणी
मोजते. अप्पा झोपलेत, 3 वर.